लघुग्रहांच्या पट्ट्यात फटी का पडल्या आणि गुरूच्या वाटेवर ट्रोजन कसे टिकले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुलडाणा-वाशीम भागात शाळांच्या मैदानावर आकाश दाखवताना मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्याविषयी हे प्रश्न हमखास येतात. निम्मे विद्यार्थ्यांचे असतात. उरलेले तुरीच्या राखणीला रात्र रात्र जागलीवर बसणाऱ्या मंडळींचे, आणि बहुतेक वेळा तेच जास्त अडचणीचे असतात. दर वेळी काळोखात हातवारे करून सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवावं म्हणून हे पान. प्रश्न जसे आले तसेच ठेवले आहेत.

पट्ट्यात फटी आहेत म्हणता, मग दुर्बिणीतून त्या दिसतात काय?

नाही. कितीही मोठी दुर्बीण आणली तरी दिसणार नाहीत. आज, या क्षणी, सगळे लघुग्रह जागच्या जागी थांबवून त्यांचा नकाशा काढला तरी त्यात फट सापडणार नाही.

कारण असं, की लघुग्रहाची वाट क्वचितच नेमकी गोल असते. ती थोडी लांबट असते. सूर्य ते पृथ्वी हे साधारण १५ कोटी किलोमीटरचं अंतर म्हणजे एक खगोलीय एकक; पुढे मी नुसतं ‘एकक’ म्हणेन. समजा एखाद्या लघुग्रहाचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर २.७ एकक आहे. तो फिरता फिरता कधी २.३ वर येतो, कधी ३.१ वर जातो. म्हणजे २.५ एककाची रेषा तो प्रत्येक फेरीत दोनदा ओलांडतो. असे लाखो जण सतत ये-जा करत असल्यामुळे २.५ वर कुणी नाही असा क्षण येतच नाही.

फट दिसते ती यादीत. प्रत्येक लघुग्रहाचं सरासरी अंतर लिहून काढा (पुस्तकात याला अर्धदीर्घ अक्ष म्हणतात) आणि कोणत्या अंतराला किती जण आहेत ते मोजा. २.४५ ला हजारो, २.५५ ला हजारो, आणि २.५० ला जवळजवळ कुणीच नाही. म्हणजे २.५ एककावरून जाणारे पुष्कळ आहेत, पण २.५ हे ज्यांचं सरासरी अंतर आहे असे नाहीत. या दोन गोष्टींत गल्लत झाली की पुढचं सगळं चुकत जातं.

शनीच्या कड्यातली मोठी फट मात्र दुर्बिणीतून खरोखर दिसते, कारण तिथले कण जवळपास गोल वाटेनंच फिरतात.

या फटी पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आल्या?

डॅनियल कर्कवुड या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाच्या, १८६६ साली. तेव्हा माहीत असलेले लघुग्रह शंभरसुद्धा नव्हते. एवढ्या तुटपुंज्या यादीत रिकाम्या जागा ओळखायच्या आणि त्या गुरूशी जोडायच्या, हे मला आजही थोरच वाटतं. म्हणून त्यांना कर्कवुडच्या फटी म्हणतात.

फट नेमकी कुठे असेल हे आधी सांगता येतं का?

येतं, आणि मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर. केप्लरचा तिसरा नियम दहावीच्या पुस्तकात आहे: फेरीच्या काळाचा वर्ग हा सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. गुरूचं अंतर ५.२ एकक, फेरी ११.८६ वर्षांची. गुरूची एक फेरी होईतो ज्याच्या बरोबर तीन फेऱ्या होतात, त्याची एक फेरी ३.९५ वर्षांची. त्याचं अंतर काढायला हे टाइप करा:

```
5.2 * (1/3)^(2/3)
```

उत्तर येतं २.५०. वर जी फट सांगितली ती हीच, आणि तिला ३:१ ची फट म्हणतात. कंसातल्या एक तृतीयांशाच्या जागी एक द्वितीयांश घातला तर ३.२८ येतं. तिथे दुसरी मोठी फट आहे, २:१ ची. दोन पंचमांश घातले तर २.८२, तिथेही फट. आकडे इतके चपखल बसतात की योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

तीन फेऱ्या नि एक फेरी जुळली, त्यानं बिघडते काय?

सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच, त्यामुळे जरा दमानं घेऊ.

लघुग्रह आतल्या वाटेनं जातो, गुरू बाहेरच्या. लघुग्रहाचा वेग जास्त, म्हणून तो गुरूला पुन्हा पुन्हा मागून गाठतो आणि पुढे निघून जातो. ज्या क्षणी सूर्य, लघुग्रह आणि गुरू एका रेषेत, एकाच बाजूला येतात, त्याला युती म्हणतात. तेव्हा दोघांतलं अंतर सगळ्यात कमी असतं आणि गुरूची ओढ सगळ्यात जास्त. ही युती आकाशात कुठल्या दिशेला होते, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आधी फटीबाहेरचा, २.६ एककावरचा लघुग्रह घ्या. त्याची फेरी ४.१९ वर्षांची. हिशोब केला तर दर साडेसहा वर्षांनी युती येते, आणि तेवढ्या वेळात गुरू १९७ अंश सरकलेला असतो. म्हणजे प्रत्येक युती आधीच्या युतीच्या जवळजवळ समोरच्या बाजूला होते, पण बरोबर समोर नाही. दर दुसऱ्या युतीची जागा तेहतीसेक अंशांनी पुढे गेलेली असते. दीडशे वर्षांच्या आत युत्यांच्या जागा सगळ्या वर्तुळभर फिरून येतात. एका बाजूला मिळालेला हिसका दुसऱ्या बाजूच्या हिसक्यानं फिटतो. हिशोब बरोबरीत सुटतो आणि लघुग्रहाची वाट आहे तशी राहते.

आता २.५० चा घ्या. त्याच्या युत्या ५.९३ वर्षांनी येतात, म्हणजे बरोबर गुरूच्या अर्ध्या फेरीनं. पहिली युती इकडे, दुसरी नेमकी समोर, तिसरी पुन्हा पहिल्याच जागी. शंभर वर्षांनी तेच, हजार वर्षांनी तेच.

आपल्याकडच्या आठवडी बाजाराचं घ्या. सोमवारी बाजार भरतो. जो पाहुणा बाजाराच्या दिवसापासून दर चौदा दिवसांनी गावात येतो, त्याला गाव कायम गर्दीचंच दिसतं. दर तेरा दिवसांनी येणाऱ्याला सगळे वार दिसतात, आणि गावाची खरी सरासरी कळते. २.५० वरचा लघुग्रह हा चौदा दिवसांचा पाहुणा. त्याला गुरूची ओढ ठरावीक जागीच भोगावी लागते आणि ती फिटत नाही, साचत जाते. असा मेळ बसण्याला कक्षीय अनुनाद म्हणतात.

गुरू एवढा दूर, मंग त्याची ओढ पुरते काय?

एका भेटीत नाही पुरत. २.५० एककावरून युतीच्या वेळीही गुरू ४० कोटी किलोमीटरवर असतो. त्याचं वस्तुमान सूर्याच्या १०४७ वा हिस्सा. दोन्ही धरून हिशोब केला तर त्या क्षणी गुरूची ओढ सूर्याच्या ओढीच्या साधारण बाराशेव्या हिश्शाएवढी भरते. सूर्याच्या हातून लघुग्रह हिसकावून घेणं गुरूला शक्य नाही.

पण त्याला हिसकावायचं नसतंच. ओढ साचते तेव्हा वाटेचा आकार बदलतो. सरासरी अंतर थोडं मागेपुढे झुलतं, पण साधारण तेच राहतं. वाट मात्र गोलाची लांबट होऊ लागते. हा लांबटपणा आकड्यात सांगायला विकेंद्रता वापरतात: शून्य म्हणजे नेमका गोल, आणि एककडे जाईल तितकी वाट चपटी. ‘गुरू त्यांना फटीतून ढकलून बाहेर काढतो’ असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. ते वाचून डोळ्यांपुढे उभं राहतं ते चित्र चुकीचं आहे. लघुग्रह बाजूला सरकत नाही. त्याची वाट ताणली जाते आणि मग ती दुसऱ्याच कुणाच्या वाटेला जाऊन भिडते.

मंग तो धोंडा जाते कुठं?

सरासरी अंतर २.५० धरून मोजत जाऊ. सूर्याजवळचं टोक काढायला २.५ ला ‘एक वजा विकेंद्रता’ नं गुणायचं. विकेंद्रता ०.१ असेल तर जवळचं टोक २.२५ वर. तिथे कुणीच नाही, काळजी नाही. विकेंद्रता ०.३३ झाली की टोक १.६७ वर येतं, आणि मंगळ सूर्यापासून जास्तीत जास्त तेवढ्याच अंतरावर जातो. आता मंगळाजवळून जायची पाळी येऊ शकते. ०.६ झाली की टोक १.० वर, म्हणजे पृथ्वीच्या वाटेवर. आणि विकेंद्रता एकच्या अगदी जवळ गेली तर टोक थेट सूर्यात.

कर्कवुडला जागा कळल्या, पण त्या रिकाम्या का होतात हे पुढची शंभरेक वर्षं कुणाला नीट सिद्ध करता आलं नाही. अडचण अशी, की साध्या गणितात ३:१ वरच्या लघुग्रहाची विकेंद्रता थोडी वाढून पुन्हा कमी होते. तेवढ्यावर कुणी हाकललं जात नाही. १९८२ मध्ये जॅक विज्डम यांनी लांब पल्ल्याची गणितं संगणकावर केली आणि चित्र पालटलं. त्यांच्या गणितात लघुग्रह लाख-लाख वर्षं शहाण्यासारखा गोल वाटेनं फिरतो, विकेंद्रता ०.१ च्या खाली, आणि मग अचानक ती ०.३ च्या वर उसळते. पुन्हा खाली येते, पुन्हा उसळते. कधी उसळेल ते आधी सांगता येत नाही. पण ०.३ च्या वर म्हणजे मंगळाच्या वाटेशी गाठ.

नव्वदच्या दशकात गणितं आणखी लांबवली तेव्हा मामला याहून टोकाचा निघाला. गुरूची स्वतःची वाटही किंचित लांबट आहे, आणि तिच्या लांबटपणाची दिशा फार सावकाश फिरते. लघुग्रहाच्या वाटेची दिशाही तशीच फिरते. ३:१ च्या फटीच्या आत या दोन संथ फिरण्यांचाही आपसात मेळ बसतो. एका अनुनादाच्या पोटात दुसरा. दोन्ही एकमेकांवर चढले की विकेंद्रता ०.३ वर थांबत नाही, थेट एकच्या जवळ जाते. काही दशलक्ष वर्षांत काम तमाम. बहुतेक जण सूर्यात पडतात. उरलेल्यांपैकी पुष्कळ गुरूच्या जवळ जाऊन सूर्यमालेबाहेर भिरकावले जातात. ग्रहांवर आदळणारे अगदी थोडे.

हे चालू असताना पाहायचं असेल तर अलिंडा नावाचा लघुग्रह आहे. मॅक्स वोल्फ यांनी तो १९१८ मध्ये शोधला. त्याचं सरासरी अंतर २.४७ एकक, म्हणजे ३:१ च्या मेळात. विकेंद्रता ०.५७. वरचंच गणित करा: २.४७ गुणिले ०.४३, उत्तर १.०६. पृथ्वीच्या वाटेच्या अगदी अंगाला. चारेक किलोमीटरचा हा धोंडा जानेवारी २०२५ मध्ये आपल्यापासून साधारण सव्वा कोटी किलोमीटरवरून गेला. फटीतला रहिवासी निघून जाताना असा दिसतो.

फटी रिकाम्या व्हायला काही दशलक्ष वर्षंच लागतात, मग आज तिथे अलिंडासारखे उरलेच कसे?

उरलेले नाहीत, नव्यानं आलेले आहेत. सूर्यमालेचं वय साडेचार अब्ज वर्षं. सुरुवातीचे केव्हाच गेले.

नवे दोन वाटांनी येतात. पट्ट्यात धोंडे एकमेकांवर आदळतात, तुकडे उडतात, काही थेट फटीच्या काठाला पडतात. दुसरी वाट जास्त मजेची आहे. लघुग्रह स्वतःभोवती फिरतो. दिवसा तापलेला भाग दुपार कलल्यावर सगळ्यात जास्त उष्णता बाहेर टाकतो, आणि बाहेर पडणारी उष्णता उलट दिशेला अगदी हलका रेटा देते. या परिणामाला यार्कोव्हस्की या अभियंत्याचं नाव आहे. फिरण्याची दिशा एक असेल तर धोंडा सूर्यापासून लांब सरकतो, उलटी असेल तर जवळ. किलोमीटरभराच्या धोंड्याला हा रेटा दहा लाख वर्षांत काही दहा हजार किलोमीटर सरकवतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. पण वेळ भरपूर आहे. सरकत सरकत तो फटीच्या काठाला लागला की पुढचं काम गुरू करतो. लहान धोंडे जास्त सरकतात, मोठे ढिम्म हलत नाहीत. म्हणून फटींतून आपल्याकडे येणारे बहुतेक लहानच असतात. हा रेटा नुसता कागदावरचा नाही. गोलेव्हका नावाच्या लघुग्रहाचं सरकणं २००३ मध्ये रडारनं मोजलं गेलं.

आपलं लोणार अशाच एखाद्या धोंड्यानं झालं का?

लघुग्रह आदळूनच झालं हे पक्कं. बेसॉल्ट खडकातला जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा आहे तो. वयाचा जुना अंदाज पन्नास हजार वर्षांच्या आसपासचा होता. आर्गॉनच्या पद्धतीनं काढलेलं वय पावणेसहा लाख वर्षांच्या आसपास येतं. पृथ्वीजवळ येणाऱ्या लघुग्रहांचा मोठा पुरवठा ३:१ ची फट आणि पट्ट्याच्या आतल्या काठावरचा शनीशी जुळलेला एक संथ अनुनाद या दोन दारांतून होतो. लोणारचा धोंडा यातल्या कुठल्या दारानं आला हे सांगता येण्यासारखं नाही, कारण त्याची वाट त्याच्याबरोबरच संपली. काही गाइड छातीठोकपणे सांगतात, त्यांचं ऐकून घ्यावं आणि पुढे चालावं.

म्हणजे गुरूशी मेळ बसला की हकालपट्टी ठरलेलीच?

मुळीच नाही. ३.९७ एककावर काढा: लघुग्रहाच्या तीन फेऱ्या, गुरूच्या दोन. वरच्या तर्कानं इथे मोठी फट असायला हवी. प्रत्यक्षात आजूबाजूचा भाग ओस आहे आणि नेमकं या जागी हजारोंचं गाव वसलेलं आहे. त्यांना हिल्डा गट म्हणतात. त्यातला पहिला, हिल्डा, योहान पालिसा यांनी १८७५ मध्ये शोधला.

हिल्डांची वाट बरीच लांबट असते. ०.१७ विकेंद्रता धरली तर जवळचं टोक ३.३ वर, लांबचं ४.६५ वर. लांबच्या टोकाला गुरूची वाट जेमतेम अर्ध्या एककावर. तिथे गुरूशी गाठ पडली तर संपलंच. पण मेळ असा बसलाय की युती दर २३.७ वर्षांनी येते आणि ती नेहमी जवळच्या टोकाच्या सुमारास, म्हणजे हिल्डा गुरूपासून जास्तीत जास्त लांब असताना, १.९ एककांवर. तिथून हिल्डा अर्धी फेरी करून लांबच्या टोकाला पोचेतो ३.९५ वर्षं जातात आणि गुरू १२० अंश पुढे गेलेला असतो. दोघांत ६० अंशांचं अंतर. पुढच्या वेळी हिल्डा लांबच्या टोकाला येते तेव्हा गुरू सूर्याच्या पार पलीकडे. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा ६० अंश, दुसऱ्या बाजूला. मग परत युती, परत जवळच्या टोकाला. धोक्याच्या जागी हिल्डा असते तेव्हा गुरू नसतो.

युतीची जागा थोडी पुढे-मागे सरकली तर गुरूचाच हिसका तिला परत आणतो. म्हणजे तीच साचणारी ओढ, पण इथे ती राखण करते. आजूबाजूचे, ज्यांचा मेळ बसलेला नव्हता, त्यांना कधी ना कधी लांबच्या टोकाला गुरू भेटला आणि ते गेले. म्हणून मेळाच्या जागी वस्ती आणि आजूबाजूला ओसाड असं उलटं चित्र.

तेव्हा नुसता मेळ पाहून निकाल देऊ नये. युती वाटेच्या कुठल्या भागात होते, आणि त्या मेळाच्या पोटात दुसरा संथ अनुनाद दडलाय का, हे दोन्ही पाहावं लागतं.

आणि गुरूच्याच वाटेवर जे फिरतात, ते गुरूला आदळत कसे नाहीत?

त्यांचा मेळ एकास एक. गुरूची एक फेरी, यांची एक फेरी. यांची गुरूशी युती कधी होतच नाही. गुरूच्या साधारण ६० अंश पुढे एक थवा आणि ६० अंश मागे दुसरा. यांना ट्रोजन म्हणतात. दहा हजारांहून जास्त नोंदले गेले आहेत. अशा जागा असू शकतात हे लाग्रांज यांनी १७७२ मध्येच गणितानं दाखवलं होतं. पहिला ट्रोजन, अकिलीस, मॅक्स वोल्फ यांना हायडेलबर्गहून १९०६ मध्ये सापडला. अलिंडावाले ते हेच. दुर्बिणीला कॅमेरा लावून लघुग्रह शोधायला सुरुवात त्यांनीच केली.

आता ६०च का? विद्यार्थी इथे ‘दोघांची ओढ समान होते’ असं उत्तर पाठ करतात. ते चूक आहे. सूर्याची ओढ गुरूच्या हजारपट आहे.

खरं कारण असं. गुरू फक्त ट्रोजनला ओढत नाही, तो सूर्यालाही ओढतो. आपण सगळी अंतरं सूर्यापासून मोजतो, तेव्हा महत्त्व असतं ते दोघांना बसणाऱ्या ओढीतल्या फरकाला. ६० अंशांवर सूर्य, गुरू आणि ट्रोजन यांचा समभुज त्रिकोण होतो. गुरूपासून सूर्य जितका लांब, तितकाच ट्रोजन. त्यामुळे गुरू दोघांना सारखंच ओढतो, आणि वाटेच्या दिशेनं ट्रोजनला मागेपुढे करणारा फरक शून्य होतो.

पुढच्या थव्यातला ट्रोजन घ्या आणि तो गुरूकडे घसरला समजा, ५० अंशांवर आला. आता तो सूर्यापेक्षा गुरूच्या जवळ आहे. गुरूची त्याच्यावरची ओढ भारी पडते आणि ती मागे खेचणारी आहे. साध्या बुद्धीला वाटतं, तो मागे जाऊन गुरूवर आपटेल. होतं उलटं. मागे खेचलं की त्याची ऊर्जा कमी होते, तो सूर्याकडे किंचित आत उतरतो, आणि आतली वाट म्हणजे छोटी फेरी, जास्त वेग. तो गुरूच्या पुढे पळू लागतो. ६० ओलांडून ७० वर गेला की तो गुरूपासून सूर्यापेक्षा लांब झाला. आता सूर्यावरची ओढ भारी पडते, आणि सूर्यावरून पाहिलं तर ट्रोजनला पुढे रेटा बसल्यासारखं होतं. पुढचा रेटा म्हणजे ऊर्जा वाढली, वाट किंचित बाहेर गेली, फेरी लांबली. तो मागे पडू लागतो, परत ६० कडे. मागे ओढलं की पुढे जातो, पुढे ढकललं की मागे येतो. ऐकायला तिरपागडं वाटतं, पण कुणाभोवतीही फिरणाऱ्या वस्तूचा हाच स्वभाव आहे.

म्हणजे ट्रोजन एका बिंदूवर बसलेले नसतात?

नसतात. वर सांगितलेलं पुढे-मागे होणं म्हणजेच त्यांचं रोजचं जिणं. एक झोका पुरा व्हायला दीडशेच्या आसपास वर्षं लागतात. अकिलीस सापडल्यापासून एवढ्यात कुठे एक झोका होईल. काही दहा-पंधरा अंशच हलतात, काही पुष्कळ जास्त. फारच मोठा झोका घेणारा गुरूच्या जवळ जातो आणि कालांतरानं गळतो. शिवाय वाटा तिरक्या असल्यामुळे थवा सपाट नसून वर-खाली चांगला फुगलेला आहे. काहींच्या वाटा ३० अंशांहून जास्त कललेल्या आहेत. हा कल पाहूनच, हे मूळचे इथले नसून ग्रहांच्या जागा हलत होत्या त्या काळात इथे अडकले असावेत, असा कयास २००५ पासून जोर धरून आहे.

या जागा टिकाऊ राहायला एक अट आहे: सूर्य ग्रहाच्या निदान पंचवीसपट जड हवा. गुरूच्या बाबतीत तो १०४७ पट आहे, त्यामुळे चिंता नाही.

एका थव्याला ग्रीक आणि दुसऱ्याला ट्रोजन का म्हणतात?

पुढच्या थव्याला ट्रॉयच्या युद्धातल्या ग्रीक वीरांची नावं देतात, मागच्याला ट्रॉयच्या वीरांची. नियम ठरण्याआधीच दोन नावं देऊन झाली होती, त्यामुळे ट्रॉयचा हेक्टर ग्रीकांच्या छावणीत आणि ग्रीक पॅट्रोक्लस ट्रॉयच्या छावणीत अडकलाय.

पृथ्वीलाही असे सोबती आहेत का?

दोन पक्के माहीत आहेत: 2010 TK7 आणि 2020 XL5. दोन्ही पुढच्या बाजूला, आणि दोन्ही तात्पुरते. काही हजार वर्षांचे पाहुणे.

शाळेच्या संगणकावर ही फट स्वतः काढता येईल?

येईल, आणि नववीच्या मुलांनी जरूर करावं. नासाच्या जेपीएलच्या संकेतस्थळावर Small-Body Database Query नावाचं पान आहे. तिथून फक्त क्रमांक मिळालेले लघुग्रह निवडा, रकान्यांत `a` घ्या आणि CSV उतरवून घ्या. सगळेच लघुग्रह मागू नका, कारण एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळींच्या पुढे मावत नाही. उरलेल्या गळतात आणि ते चटकन लक्षात येत नाही. पहिले वीस हजार घेतले तरी पुरे. D रकान्यात D2 पासून खाली २.० ते ४.० पर्यंत ०.०१ च्या पायरीनं आकडे भरा आणि मोजणीला हे सूत्र लावा:

```
=FREQUENCY(A2:A20001, D2:D202)
```

स्तंभालेख काढला की २.५० ला खड्डा दिसेल, २.८२ ला दिसेल, ३.२८ नंतर कडाच तुटलेली दिसेल, आणि ३.९७ जवळ हिल्डांचा एकटा ढिगारा. काहीच दिसलं नाही तर पायरी तपासा. ०.१ ची पायरी घेतली असेल, तर जेमतेम ०.०४ ते ०.०५ रुंदीची फट शेजारच्या गर्दीत बुडून जाते. पायरी बरोबर असूनही आलेख सपाट आला, तर रकाना चुकला असणार. सरासरी अंतराऐवजी आजचं सूर्यापासूनचं अंतर घेतलं की फटी पुसल्या जातात, पहिल्या प्रश्नात सांगितलं त्याच कारणानं.

२:१ ची फट बारकाईनं पाहिली तर ती पुरती रिकामी नसल्याचं दिसेल. ३:१ एवढी ती जहाल नाही. तिच्या आत काही शांत कोपरे आहेत आणि तिथे थोडे लघुग्रह टिकून आहेत. त्यातल्या एका टोळीला झोंगग्वो म्हणतात.

शाळेच्या दुर्बिणीतून एखादा ट्रोजन दाखवता येईल का, सर?

नाही. सगळ्यात मोठा हेक्टरसुद्धा चौदाव्या प्रतीच्या आसपास किंवा त्याहून मंद असतो, आपल्या चार-सहा इंची दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर. त्यांना जवळून पाहायला नासाचं ल्युसी यान ऑक्टोबर २०२१ मध्ये निघालंय. पुढच्या थव्यातल्या युरिबेटीसजवळ ते ऑगस्ट २०२७ मध्ये पोचेल आणि मागच्या थव्यातल्या पॅट्रोक्लसजवळ २०३३ मध्ये. तोवर पट्ट्यातला व्हेस्टा दाखवू. आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतो तेव्हा तो सहाव्या प्रतीच्या आसपास येतो आणि साध्या द्विनेत्रीतून दिसतो. त्याचं सरासरी अंतर २.३६ एकक आहे, म्हणजे ३:१ च्या फटीच्या आतल्या बाजूचा.